शून्य शिलकेचा दाखला

देणगीच्या पैशावर चाललेल्या प्रकल्पाचे उपयोगिता प्रमाणपत्र समोर आले की मी आधी त्याची शेवटची ओळ वाचतो. मिळालेले अनुदान वीस लाख, झालेला खर्च वीस लाख, शिल्लक निरंक. वर बाबनिहाय तक्ता असतो आणि त्यात मानधन, औषधे, वाहन, प्रशिक्षण या प्रत्येक बाबीचा खर्च मंजूर रकमेशी रुपयापर्यंत जुळलेला असतो. देणगीदाराला असा कागद आवडतो, संस्थेच्या कार्यालयात सुटकेचा श्वास सोडला जातो, आणि सही करणाऱ्या लेखापरीक्षकालाही काम सोपे गेल्यासारखे वाटते. माझे मत नेमके उलट आहे. बारा महिने चाललेल्या, माणसांनी चालवलेल्या प्रकल्पाची शिल्लक शून्य निघत असेल, तर तपासणी संपत नाही, तिथून ती सुरू व्हायला हवी. डिझेलचा भाव, डॉक्टरचा राजीनामा, पावसाळ्यात बंद पडलेला रस्ता यांतले काहीही अंदाजपत्रक बघून घडत नाही. खर्च अंदाजाला चिकटून राहिला असेल, तर तो बहुधा मागाहून चिकटवलेला असतो. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की उपयोगिता प्रमाणपत्र हा ‘पैसे संपले’ असे सांगणारा दाखला नाही. पैसे कुठे गेले आणि किती उरले याचे ते उत्तर आहे. त्यातला ‘किती उरले’ हा भाग आपण लाज वाटावी असा करून ठेवला, आणि खोटेपणा तिथून शिरला.

पनवेल तालुक्यात हा प्रश्न वर्षभर डोळ्यांसमोर असतो. एका बाजूला तळोजा, रसायनी, पाताळगंगा इथले कारखाने आणि मुंबईतली त्यांची मुख्यालये आहेत. दुसऱ्या बाजूला कर्नाळा आणि प्रबळगडाच्या पायथ्याच्या कातकरी-ठाकूर वाड्या आहेत. मधे संस्था आहेत. ताऱ्याचे युसुफ मेहेरअली सेंटर १९६१ सालचे आहे, नेऱ्याजवळच्या शांतिवनाने कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले, आणि त्यांच्याखेरीज कितीतरी लहान मंडळे दोन खोल्यांच्या कार्यालयातून चालतात. मी पुढे जे उदाहरण घेणार आहे ते यांतल्या कोणाचेही नाही, विषय समजावा म्हणून रचलेले आहे. पण त्यातली प्रत्येक गाठ या धंद्यात रोज सोडवावी लागणारी आहे.

आधी मार्चअखेरीचा ताण कुठून येतो ते पाहू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले आणि दोन गोष्टी पक्क्या झाल्या. संचालक मंडळाने पैसे मंजूर कामावर आणि मंजूर पद्धतीनेच वापरले गेल्याची खात्री करून घ्यायची, आणि कंपनीच्या वित्तप्रमुखाने तसे प्रमाणित करायचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने खुलासा केला की संस्थेच्या खात्यात पैसे पाठवणे म्हणजे खर्च नव्हे, संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले तरच खर्च झाला असे धरायचे. खुलासा अगदी योग्य आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की वर्षअखेरीस संस्थेकडे उरलेला प्रत्येक रुपया कंपनीच्या ताळेबंदात प्रश्न होऊन उभा राहू लागला. प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर असेल तर उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत खर्चता येते. तसा मंजूर नसेल तर ती ३० सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान साहाय्यता निधीसारख्या, कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या निधीत भरावी लागते. म्हणजे वाडीवरच्या कामासाठी आलेल्या पैशांना वाडी कायमची मुकते. मग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून फोन येतो की सोमवारपर्यंत पूर्ण रकमेचा यूसी पाठवा. त्या फोनवर कोणी खोटे बोला असे म्हणत नाही. पण शिल्लक दाखवायची सोय त्यात उरलेली नसते.

समजा, एका कंपनीने एका संस्थेला दहा वाड्यांमध्ये फिरता दवाखाना चालवण्यासाठी वर्षाला वीस लाख रुपये दिले. मंजूर अंदाजपत्रक असे आहे: डॉक्टर, परिचारिका आणि दोन कार्यकर्त्या यांचे मानधन ९ लाख ६० हजार, औषधे ३ लाख ६० हजार, भाड्याची जीप ३ लाख, उपकरणे १ लाख ८० हजार, आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण १ लाख आणि कार्यालयीन खर्च १ लाख. करारात एक अट आहे. एका बाबीतून दुसरीत दहा टक्क्यांपर्यंत रक्कम वळवायला हरकत नाही, त्यापुढे आधी लेखी परवानगी हवी. संस्थेने तयार केलेल्या कच्च्या यूसीत सहाही बाबी मंजूर रकमेइतक्याच दाखवल्या आहेत आणि शिल्लक निरंक आहे. आता हा कागद बाजूला ठेवून पुस्तके उघडायची.

पहिले पुस्तक बँकेचे. यूसीचा शेवटचा आकडा आणि ३१ मार्चची बँक शिल्लक यांचा संबंध लागलाच पाहिजे. प्रकल्पाला वेगळे खाते असेल तर हे काम सोपे होते. विदेशी देणगीच्या बाबतीत तर कायद्यानेच ते बंधन घातले आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून येणारा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच उतरतो. आपल्या उदाहरणात प्रकल्पाच्या खात्यात ३१ मार्चला १ लाख ५८ हजार रुपये शिल्लक आहेत. यूसी म्हणतो शिल्लक शून्य. दोन्ही एकाच वेळी खरे असण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे दिलेले पण अजून न वटलेले चेक. त्यांची यादी मागायची आणि एप्रिलच्या उताऱ्यावर ते कधी वटले ते पाहायचे. मार्चच्या तारखेचा चेक जूनपर्यंत वटला नसेल तर तो चेक लिहिला गेला, दिला गेला नाही. याच उताऱ्यावर आणखी एक गोष्ट दिसते, जी यूसीत हमखास विसरली जाते: बँकेने जमा केलेले व्याज. इथे ते २१ हजार आहे. सरकारी अनुदानाच्या यूसीसाठी २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी जो नमुना घालून दिला आहे, त्यात आरंभीची शिल्लक, व्याज आणि परत भरलेले व्याज यांचे वेगळे रकाने आहेत, कारण केंद्राच्या अनुदानावर मिळालेले व्याज संस्थेचे नसते, ते सरकारला परत जाते. खासगी देणगीदाराचा करार याबाबत काय म्हणतो ते वाचावे लागते. पण करार गप्प असला तरी व्याज प्रकल्पाच्या जमेत दाखवायलाच हवे. तर जमा बाजू वीस लाखांची नाही, २० लाख २१ हजारांची आहे.

दुसरे पुस्तक मानधनाचे. हजेरीपट आणि बँकेतून गेलेल्या रकमा समोरासमोर ठेवल्या की कळते, डॉक्टरांनी ऑगस्टअखेर काम सोडले आणि नवे डॉक्टर डिसेंबरात रुजू झाले. महिना ४५ हजार प्रमाणे तीन महिन्यांचे १ लाख ३५ हजार रुपये वाचले. प्रत्यक्ष खर्च ८ लाख २५ हजार. यात कोणाचाही दोष नाही. वाडीवर जायला तयार असणारा डॉक्टर तीन महिन्यांत मिळाला हेच पुष्कळ. पण कच्च्या यूसीत मानधन पूर्ण ९ लाख ६० हजार आहे, म्हणजे या फरकासाठी कुठलेतरी व्हाउचर तयार झाले असणार किंवा दुसरा खर्च इथे आणून बसवला असणार. लेखापरीक्षकाने इथे फक्त सही आणि रक्कम पाहून भागत नाही. दवाखान्याची बाह्यरुग्ण नोंदवही मागवायची. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तपासणाऱ्याचे अक्षर कोणाचे आहे, रुग्णसंख्या किती आहे, चिठ्ठीवर औषध कोणी लिहिले आहे, हे त्या वहीत दिसते. खर्चाचा कागद कार्यालयात बनतो, पण कामाचा कागद वाडीवर बनतो. दोन्ही कागद एकाच माणसाने एका बैठकीत लिहिलेले नसतील तर त्यांच्यात किरकोळ विसंगती असतेच, आणि ती असणे चांगले लक्षण आहे. बारा महिन्यांचा हजेरीपट एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकही खाडाखोड न करता भरलेला असेल तर मी थांबतो.

तिसरे पुस्तक औषधांचे. बिले ३ लाख ५२ हजारांची आहेत. त्यातले ७० हजारांचे शेवटचे बिल २९ मार्चचे, चेकही त्याच दिवशी दिला, खात्यातून पैसेही गेले. हिशेबनीस म्हणतो, खर्च झाला. पण साठा नोंदवहीत हा माल चढलेला नाही आणि डिलिव्हरी चलनावर एप्रिलची तारीख आहे. म्हणजे ३१ मार्चला संस्थेकडे औषधे नव्हती, विक्रेत्याकडे दिलेले पैसे होते. दिलेली आगाऊ रक्कम हा खर्च नव्हे. ती वसूल व्हायची किंवा मालात बदलायची रक्कम आहे, आणि यूसीत ती ‘अग्रीम’ म्हणून वेगळी दाखवावी लागते. मार्चअखेरीची सर्वांत मोठी फसगत हीच आहे आणि तिच्यात बहुतेक वेळा कोणाचा हेतू वाईट नसतो. पैसे गेले म्हणजे खर्च झाला अशी समजूत असते. फसगतीची पुढची पायरी मात्र वाईट असते. विक्रेत्याला पैसे ‘ठेवायला’ दिले जातात आणि पुढचे सहा महिने त्यातून लागेल तसा माल उचलला जातो. ते ओळखायचे तर औषधांच्या बिलावरचे बॅच क्रमांक पाहावेत. मार्चच्या बिलावर असलेल्या बॅचचे उत्पादनच मे महिन्यातले असेल तर बिल आधी आणि औषध नंतर जन्मले. आपल्या उदाहरणात तसे काही नाही. माल एप्रिलमध्ये आला, चांगला आला. म्हणून औषधांचा खर्च २ लाख ८२ हजार आणि अग्रीम ७० हजार.

चौथे पुस्तक जीपचे, आणि माझ्या दृष्टीने सारा प्रश्न त्यातच सामावला आहे. मंजूर रक्कम ३ लाख, भाड्याची बिले ३ लाख ४८ हजार. जादा ४८ हजार, म्हणजे सोळा टक्के. करारानुसार दहा टक्क्यांची, ३० हजारांची मुभा आहे. वरच्या १८ हजारांसाठी परवानगी हवी होती आणि ती घेतलेली नाही. संस्थेने कच्च्या यूसीत या जादा खर्चातले ३६ हजार प्रशिक्षणात ‘प्रशिक्षणार्थींचा प्रवास’ म्हणून दाखवले आहेत, कारण प्रशिक्षणावर एक लाखातले फक्त ६४ हजार झाले होते आणि तिथे जागा रिकामी होती. मार्ग साधा वाटतो. पैसा खाल्ला नाही, जीप खरोखर फिरली, मग शीर्ष बदलले तर बिघडले काय? बिघडते असे की आता प्रशिक्षणाची हजेरी त्या प्रवासाला पुरी पडावी म्हणून वाढवावी लागते, न झालेल्या सत्राची तारीख लिहावी लागते, त्यावर अंगठे लागतात. एका खऱ्या बिलाला जागा करून देण्यासाठी चार खोटे कागद जन्माला येतात. पकडायचेच म्हटले तर ते सहज पकडले जातात, कारण प्रशिक्षणाच्या म्हणून लिहिलेल्या तारखेला जीपच्या लॉगबुकात भलत्याच वाडीची फेरी असते आणि किलोमीटरचा आकडा खोटे बोलत नाही.

आणि तेच लॉगबुक नीट वाचले तर संस्थेच्या बाजूची गोष्ट निघते. महिन्यात जीप सरासरी २४ दिवस फिरली. त्यातले चार दिवस ती दवाखान्यासाठी गेलीच नव्हती, संस्थेच्याच शाळा-प्रकल्पासाठी गेली होती आणि त्या प्रकल्पाचा देणगीदार वेगळा आहे. म्हणजे भाड्याचा एक षष्ठांश, ५८ हजार रुपये, या प्रकल्पाचा खर्चच नाही. तो वजा केला की दवाखान्याचा वाहनखर्च २ लाख ९० हजार होतो, मंजूर रकमेच्या आत. ज्या जादा खर्चासाठी खोटी हजेरी लिहायची वेळ आली, तो जादा खर्च मुळात नव्हताच. सामाईक खर्चाची वाटणी कोणत्या आधारावर करायची हे वर्षाच्या सुरुवातीला विश्वस्तांच्या सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवले असते, वाहनासाठी दिवस किंवा किलोमीटर, कार्यालयाच्या भाड्यासाठी वापरलेली जागा, हिशेबनिसाच्या पगारासाठी त्याने दिलेला वेळ, तर हा घोळ झालाच नसता. वाटणीचा आधार कोणता यापेक्षा तो आधी ठरला होता का, आणि सर्व देणगीदारांना तोच लावला का, हे महत्त्वाचे. उलट बाजूने धोका असा असतो की वाटणी नसली की जीपचे एकच बिल दोन्ही देणगीदारांना पूर्ण दाखवले जाते. त्यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. मूळ बिलावर रबरी शिक्का: ‘अमुक प्रकल्पाच्या खर्चात धरले, रक्कम इतकी’. शिक्का मूळ बिलावर हवा, झेरॉक्सवर नव्हे. लेखापरीक्षक झेरॉक्स पाहून समाधान मानत असेल तर शिक्क्याचा उपयोग नाही. आणि संस्थेचा संपूर्ण हिशेब एकदा समोर घेऊन सगळ्या प्रकल्पांच्या यूसींची बेरीज एकूण खर्चाशी जुळवल्याशिवाय दुहेरी दावा दिसत नाही. प्रत्येक यूसी स्वतंत्रपणे निर्दोष असतो, बेरीज मात्र खर्चापेक्षा मोठी निघते.

उपकरणांवर १ लाख ७४ हजार गेले, वस्तू जागेवर आहेत, मालमत्ता नोंदवहीत क्रमांकासह चढल्या आहेत. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. कार्यालयीन खर्च एक लाख, पूर्ण, आणि तो पूर्ण असणे मला खटकत नाही, कारण खरा कार्यालयीन खर्च त्याहून नक्कीच जास्त झालेला असतो. इथे कंपन्यांचा एक गैरसमज संस्थांच्या मुळावर आला आहे. नियमांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन-खर्चावर. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च तिच्यात येतच नाही. तरीही ही मर्यादा संस्थेच्या अंदाजपत्रकात जशीच्या तशी उतरवली जाते. मग हिशेबनिसाचा पगार ‘कार्यकर्ता’ म्हणून लिहावा लागतो आणि कार्यालयाचे वीजबिल ‘शिबिर खर्च’ होते. खोटे शीर्ष लिहिण्याची सवय लागते ती अशा ठिकाणी, आणि एकदा लागलेली सवय लहान रकमेपाशी थांबत नाही. विदेशी देणगीतही २०२० मध्ये ही मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, पण ती निदान संस्थेसाठीच आहे आणि नियमांत प्रशासकीय खर्च म्हणजे काय हे सांगितलेले आहे.

आता हिशेब पुन्हा मांडू. जमा २० लाख २१ हजार. मान्य खर्च १७ लाख ३५ हजार. उरले २ लाख ८६ हजार. ते कुठे आहेत? १ लाख ५८ हजार बँकेत, ७० हजार औषध विक्रेत्याकडे अग्रीम आणि ५८ हजार शाळा-प्रकल्पाकडून किंवा संस्थेच्या स्वतःच्या निधीतून येणे. बेरीज पैशापर्यंत जुळते, पण शून्याशी नव्हे. शून्याच्या यूसीपेक्षा हा कागद दिसायला ओबडधोबड आहे आणि कितीतरी जास्त विश्वासार्ह आहे, कारण त्यातला प्रत्येक आकडा तिसऱ्याच कोणीतरी ठेवलेल्या नोंदीवर टेकलेला आहे: बँकेचा उतारा, विक्रेत्याचे चलन, ड्रायव्हरचे लॉगबुक.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो तो असा की शेवटी काम झाले ना? वाड्यांत दवाखाना गेला, माणसे बरी झाली, आणि तुम्ही ४८ हजार कोणत्या रकान्यात लिहिले यावर अडून बसता. या आक्षेपामागची कळकळ मला पूर्ण मान्य आहे. पण रकाना ही देणगीदाराची हौस नाही, ते देणगीदार आणि संस्था यांच्यातले वचन आहे. शिवाय संस्थेच्या घटनेतले उद्देश हे दुसरे वचन आहे आणि ते समाजाला दिलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था नियमांत लेखापरीक्षकाने उत्तर द्यायचे जे प्रश्न आहेत, त्यांत संस्थेचा पैसा तिच्या उद्देशाबाहेर वापरला गेला का, हा एक आहे. देणगीदाराची संमती असली तरी हा प्रश्न संपत नाही. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोगाने २००५ च्या अहवालात हिंद स्वराज ट्रस्टच्या पैशातून अण्णा हजारे यांच्या वाढदिवसाच्या समारंभावर झालेला २ लाख २० हजारांचा खर्च बेकायदा ठरवला; हजारे यांच्या बाजूने असे सांगण्यात आले की त्या कार्यक्रमासाठी देणगी आली होती. त्या वादात कोणाचे बरोबर हे मी इथे ठरवत नाही. मला त्यातला मुद्दा महत्त्वाचा वाटतो: देणाऱ्याची इच्छा एका बाजूला आणि न्यासाचे उद्देश दुसऱ्या बाजूला असे दोन्ही निकष खर्चाला लागतात, एक पुरत नाही. याच ट्रस्टविरुद्धच्या जनहित याचिकेतून पुढे देशभरातल्या संस्थांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. देशातल्या सुमारे ३० लाख संस्थांपैकी दहातली एकही धड हिशेब सादर करत नाही असे चित्र समोर आल्यावर जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांच्या लेखापरीक्षणाचा आदेश दिला. ज्यांनी पैसा दिला त्या सरकारी यंत्रणांनी हिशेब मागितलाच नव्हता, हेही त्यातून उघड झाले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लहान संस्थेकडे एक हिशेबनीस, तोही अर्धवेळ. प्रत्येक देणगीदाराचा नमुना वेगळा, रकाने वेगळे, वर्षही कधी कधी वेगळे. एवढी कागदपत्रे करायची तर काम कधी करायचे? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर तपासणी ढिली करण्यात नाही, अटी शहाणपणाने लिहिण्यात आहे. दहा टक्क्यांऐवजी वीस टक्के मुभा द्या. पन्नास हजारांखालच्या बाबी एकत्र करा. परवानगीसाठी पत्रव्यवहार नको, साध्या ई-मेलचे उत्तर पुरे, पण ते खर्चाच्या आधी हवे. प्रकल्प मुळातच ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करा, म्हणजे तीन महिने डॉक्टर न मिळणे हा अपराध ठरणार नाही. आणि कार्यालयीन खर्चाला खरी रक्कम द्या. रकाने कमी आणि खरे असले तर ते पाळता येतात. काही जण याच्याही पुढे जाऊन म्हणतात की रकानेच नकोत, विश्वासाने एकरकमी द्या. ज्या संस्थेचा संपूर्ण वार्षिक हिशेब उघडा आहे तिच्याबाबत मला ते पटते. पण मग तपासणी प्रकल्पावरून उठून पूर्ण संस्थेवर जाते, कमी होत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या धंद्याबद्दल. यूसीवर सनदी लेखापालाची सही असते आणि फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक प्रमाणपत्रावर अठरा अंकी यूडीआयएन टाकावा लागतो. त्यामुळे बनावट सहीच्या शिक्क्यांना आळा बसला, कारण क्रमांक इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. पण क्रमांक सही खरी आहे एवढेच सांगतो, सहीखालचा मजकूर खरा आहे असे नव्हे. ‘सादर केलेल्या पुस्तकांनुसार व व्हाउचरांनुसार’ हे शब्द बहुतेक यूसींत असतात आणि ते वाचणाऱ्याने नीट वाचावेत. लेखापरीक्षकाने जे पाहिले त्याबद्दलच तो बोलतो. वाडीवर गोळी रुग्णाच्या हातात पडली का, हे तो सांगू शकत नाही, सांगायचा आव त्याने आणूही नये. पण त्याने बाह्यरुग्ण नोंदवही पाहिली का, लॉगबुक पाहिले का, मूळ बिले पाहिली की झेरॉक्स, हे त्याने लिहायला हवे आणि देणगीदाराने विचारायला हवे. एक प्रमाणपत्र किती तासांत आणि किती फीमध्ये मिळाले हेही विचारावे. अर्ध्या दिवसात झालेल्या तपासणीत चलनाची तारीख कोणी उलटून पाहत नाही.

म्हणून आपल्या उदाहरणातल्या यूसीखाली मी तीन टिपा लिहीन आणि त्या आल्याशिवाय सही करणार नाही. एक, अखर्चित २ लाख ८६ हजार रुपयांपैकी ७० हजार औषधांसाठी दिलेले अग्रीम असून माल एप्रिलमध्ये मिळाला आहे. दोन, वाहनभाड्यातील ५८ हजार रुपये दुसऱ्या प्रकल्पाचे असून ते या खात्यात परत भरायचे आहेत. त्या दुसऱ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वाहन ही बाब नसेल तर रक्कम संस्थेच्या स्वतःच्या निधीतून यावी. तीन, वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर रिक्त होते, त्या काळात रुग्णतपासणी परिचारिकेने केली, आणि वाचलेले १ लाख ३५ हजार रुपये पुढील वर्षी त्याच वाड्यांत वापरण्याची परवानगी संस्थेने मागितली आहे. त्या मागणीचे पत्र सोबत जोडायचे, त्यावर कंपनीच्या पोचेची तारीख ३१ मार्चच्या आधीची आहे ना ते पाहायचे, आणि मग पेन उघडायचे.